देणगीची पावती आणि ८०जी: फिरत्या मेसेजला उत्तर

«रजिस्टर्ड ट्रस्टची पावती घ्या. नोंदणी नंबर आणि शिक्का असला की दिलेली सगळी रक्कम उत्पन्नातून वजा होते. रोख द्या, चेक द्या, धान्य द्या, काहीही चालतं.»

नंबरापासून सुरू करू. पावतीवर ठळक छापलेला ‘एफ’ किंवा ‘ई’ने सुरू होणारा क्रमांक बहुतेक वेळा धर्मादाय आयुक्तांकडचा असतो. त्यावरून आयकराची सवलत मिळत नाही. शेजारचा ‘१२ए’ संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नासाठी असतो, आपल्या नाही. आपल्याला हवी ती आयकर कायद्याच्या ८०जी कलमाची, म्हणजे देणगीवर वजावट देणारी मान्यता. तीही जुनी चालत नाही. ‘८०जी आदेश २००९, कायमस्वरूपी’ अशी ओळ दिसली तर नवा क्रमांक मागा. २०२१ पासून जुन्या संस्थांनाही नव्याने नोंदणी घ्यावी लागली आणि ती मुदतीची असते. हा नवा क्रमांक, म्हणजे यूआरएन, संस्थेच्या पॅननेच सुरू होतो. पावतीवरचा पॅन आणि यूआरएनची पहिली दहा अक्षरं जुळली नाहीत, तर तिथेच थांबा.

आता पैसे. समजा, २०२४-२५ मध्ये उदगीरच्या एका शिक्षकांनी वसतिगृह चालवणाऱ्या ट्रस्टला ११,००० रुपये दिले: ५,००० रोख, ६,००० यूपीआयने. शिवाय तुरीचं एक पोतं. पोत्याची किंमत धरायचीच नाही, कारण वस्तुरूप दानाला वजावट नाही. रोखीची मर्यादा २,००० आहे. पण ५,००० दिले म्हणून त्यातले २,००० तरी धरू, असं होत नाही. ती पूर्ण रक्कम बाद होते. उरले ६,०००. अशा ट्रस्टला सहसा निम्मीच वजावट असते, म्हणजे ३,०००. शिक्षक जुन्या करपद्धतीत २० टक्क्यांच्या टप्प्यात असतील तर उपकर धरून कर वाचला ६२४ रुपये. (नवी पद्धत घेतली असेल तर तेही नाहीत.) मोठ्या देणगीला आणखी एक कात्री लागते: वजावटीला पात्र रक्कम ढोबळमानाने उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतच धरतात. इथे ती आडवी येत नाही.

शिक्क्याचं म्हणाल तर विवरणपत्रात तो कुणी विचारत नाही. तिथे लागतो फॉर्म १०बीई या देणगीच्या प्रमाणपत्रावरचा एआरएन हा क्रमांक. संस्थेने वर्षभराच्या देणग्यांची यादी ३१ मेपर्यंत आयकर पोर्टलवर भरायची असते, त्यातून हे प्रमाणपत्र निघतं. पावतीपेक्षा ते नीट वाचा: तुमचा पॅन, रक्कम आणि देणगीचा प्रकार. संस्थेचा कारकून यूपीआयची रक्कमही कधी ‘रोख’ रकान्यात टाकतो, आणि मग चांगली देणगी कागदावर बाद ठरते. अशी चूक दिसली तर बँकेचा उतारा दाखवून संस्थेला दुरुस्त विवरण भरायला सांगा. ते काम संस्थाच करू शकते, म्हणून विवरणपत्राची शेवटची तारीख यायच्या बरंच आधी मागे लागा.