साखरेचा पुडा कोणी आणायचा? माझ्याच मेसेजचा खुलासा

“साखरपुड्याला साखरेचा पुडा मुलीकडच्यांनीच न्यायचा, आणि अंगठी घातली नाही तर साखरपुडा अपुरा.”

फोंड्यातल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर हे मीच पुढे पाठवलं होतं. मावशीने फोन करून कान उपटले, मग भटजींनाही विचारून घेतलं.

पुडा येतो मुलाकडून. मुलीला पाटावर बसवून मुलाची आई किंवा त्यांच्याकडची सवाष्ण हळदकुंकू लावते आणि साडी देते. मुलगी आत जाऊन तीच साडी नेसून येते. मग तांदूळ-नारळाने तिची ओटी भरतात आणि साखरेचा पुडा तिच्या हातात देतात. विधीचं नाव पडलं ते यावरूनच. त्यानंतर मुलीकडचे मुलाला टिळा लावून कपडे आणि नारळ देतात. तपशील घराघरांत थोडे बदलतात.

अंगठी ही नंतरची भर. हौस असेल तर जरूर घाला, पण तिच्यावाचून काही अडत नाही. मुलीच्या वडिलांनी शब्द देण्याचा वाङ्निश्चय हा विधी वेगळा. हल्ली तो बरेचदा लग्नाच्या आदल्या दिवशी उरकतात, म्हणून गोंधळ होतो.

आमच्या एका भाच्याच्या सासरकडच्यांनी तो मेसेज वाचून पुडा आणला, इकडूनही गेला. हसण्यावारी निभावलं. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका, ग्रुपवर असेल तर काढून टाका.