माइक हाती आला की सोडायचा नसतो

लग्नाच्या स्वागत समारंभाचं निवेदन तुमच्याकडे आलंय? अभिनंदन. नवरा-नवरी काय, ते दोन तास व्यासपीठावर नुसते उभे राहणार. बोलणार तुम्ही. तेव्हा समारंभ नक्की कोणाचा, हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांतच निकालात काढा. परवाच एका निवेदकाने तो असा काही निकालात काढला की नवरीच्या आजीने आशीर्वाद काय दिला, हे पहिल्या रांगेतल्यांनाही अजून कळलेलं नाही. त्या कामगिरीला स्मरून हे मार्गदर्शन.

सुरुवात विधीच्या अर्थापासून करू. समजा, दोन्हीकडच्या आया मिळून एक दिवा लावणार आहेत. नवखा निवेदक काय करतो? काडी हातात घेण्याआधीच तीन वाक्यांत सांगून मोकळा होतो: आता काय होणार, ते कोण करणार आणि दोन घरांनी एकच दिवा का लावायचा. पन्नासेक शब्द, अर्धं मिनिट, की गप्प. पुढचं लोक डोळ्यांनी बघतात. इतका साधेपणा तुम्हाला शोभणार नाही. तुम्ही काडी ओढली जाईपर्यंत थांबा आणि मग सुरू करा. ज्योत म्हणजे काय, तेज म्हणजे काय, अंधार म्हणजे काय. दिवा लागायला वीस सेकंद पुरतात, तुमचा अर्थ निदान चार मिनिटं चालला पाहिजे. दिवा लागून गेल्यावर दोघी विझलेली काडी हातात धरून तुमच्याकडे बघत राहतील. हात खाली घ्यावा की नाही, हे त्यांना कळत नसतं. बघू द्या.

आणि काळजी करू नका, तुमचं बोलणं वाया जाणार नाही. व्हिडिओवाल्याने बहुधा आवाज थेट साऊंडच्या मिक्सरमधून घेतलेला असतो. त्या क्षणी माइकवर जो असेल, तोच घरच्यांना जन्मभर ऐकावा लागतो. आईचा भरून आलेला आवाज त्या चित्रणात नसेल. तुम्ही असाल.

दोन घरांच्या भाषा वेगळ्या असतील, तर मग सोन्याहून पिवळं. प्रत्येक वाक्य दोनदा म्हणा, तेही विधी चालू असताना. शहाणी माणसं दोन्ही भाषांतली अर्ध्या-अर्ध्या मिनिटाची निवेदनं विधीच्या आधीच उरकतात. त्यांना आयुष्यात घाई फार.

विधी करणाऱ्यांना ‘तुम्ही मध्ये काही बोलणार आहात का’ असं आधी विचारू नका. आश्चर्याची मजा जाते.

आता पाहुण्यांची ओळख. कुटुंबातली माणसं जोडीजोडीने आत येणार असतील, तर नाव सर्वांत आधी घ्या आणि नातं, हुद्दा, छंद मागाहून जोडा. म्हणजे टाळ्या नावावर पडतील आणि उरलेलं त्या टाळ्यांत वाहून जाईल. आधी नातं, मग एखादी गोष्ट आणि नाव शेवटी, असा क्रम ठेवला की टाळी बरोबर नावावर पडते आणि माणूस त्याच टाळीवर आत येतो. इतकं जुळून आलं तर गंमत काय राहिली? त्याच न्यायाने, दारात उभं राहून ‘जोडी तयार आहे’ अशी खूण करणारा माणूसही नेमू नका. पुकारा करा, सगळ्या माना दाराकडे वळू द्या, आणि दार रिकामं.

नावाचा उच्चार विचारून घेणं कमीपणाचं आहे.

पण खरं कौशल्य भेटायला येणाऱ्यांच्या रांगेत लागतं. रांगेतल्या प्रत्येकाची ओळख माइकवरून करून द्याच. हिशोब मांडून पाहा. चारशे पाहुणे, चार-चारचे गट धरले तर शंभर गट. वर चढणं, भेटणं, फोटो, उतरणं याला गटामागे चाळीस सेकंद धरली तरी एक तास सात मिनिटं होतात. तुम्ही दर गटाला पंधराच सेकंद ओळख दिलीत, की त्यात पंचवीस मिनिटांची भर. कारण आपलं नाव माइकवर येतंय म्हटल्यावर कोणी खाली उतरत नाही, फोटोवाला थांबतो आणि मागचा गट पायरीवर एक पाय ठेवून उभा राहतो. त्यात गुडघे धरून उभे असलेले आजोबा असतात, कडेवर झोपलेलं पोर असतं. वास्तविक रांगेला निवेदकाची गरजच नसते! ज्यांना नवरा किंवा नवरी ओळखत नाही, त्यांचं नाव शेजारी उभं राहिलेलं घरातलं एखादं माणूस हळूच कानात सांगतं. काम दोन सेकंदांचं.

मग त्या चिठ्ठ्या. ‘यांचंही नाव घ्या’ म्हणून एक चिठ्ठी येते, तुम्ही मोठ्या मनाने नाव घेता. ते ऐकून चार जणांना वाटतं, यांचं घेतलं तर आमचं का नाही? चार चिठ्ठ्या येतात. त्यातली दोन नावं वाचता येत नाहीत, एक चुकीच्या हुद्द्यासह वाचलं जातं आणि चौथ्याची चिठ्ठी खुर्चीखाली पडते. त्या चौथ्याचं घर पुढची दहा वर्षं अबोला धरतं आणि तुम्ही पाकीट घेऊन घरी गेलेले असता. यादी आदल्या रात्री बंद करायची असते, दोन्ही घरांतून एकेकच माणूस नेमायचा असतो आणि चिठ्ठी आणणाऱ्याला हसून त्या माणसाकडे पाठवायचं असतं. एवढं जड आहे का हे? नाव घ्यायचं असेल तर ठरलेल्या पाच-सहांचं घ्या, नाहीतर कोणाचंच घेऊ नका. मधली वाट काढायला जाता, म्हणून तर भांडणं लागतात.

आणि जेवण. दर पाच मिनिटांनी ‘थोड्याच वेळात भोजन’ म्हणता ना? एकदा जेवणाचा उच्चार झाला की लोक उठतात. मग वडिलांचं मनोगत पाठींना ऐकवावं लागतं. जे शांतपणे ऐकायला हवं, ते सगळं त्या घोषणेच्या आधी संपलं पाहिजे. स्वयंपाकघराला पंधरा मिनिटं आधी सांगावं लागतं, कारण गरम पदार्थ बाहेर मांडायला वेळ लागतो. आधी मांडून ठेवले तर तुमच्या भाषणात ते निवतात. तुम्ही लांबवलेली वीस मिनिटं आचारी भरतो, वाढपी भरतो, औषधाच्या गोळीसाठी जेवणाची वाट बघणारी आजी भरते.

नवरा-नवरी तयार होऊन यायला उशीर झाला, तर संगीत लावा. बोलू नका. मोकळा वेळ दिसला की विधीचं माहात्म्य सांगायला घेता, आणि ती दोघं दारात आली तरी तुमचं वाक्य संपत नाही. कागदावर प्रत्येक बाबीपुढे वेळ लिहा, घड्याळ समोर ठेवा, आणि उशीर झाला तर आधी स्वतःची वाक्यं कापा. घरच्यांची नाही! निवेदन घरी मोठ्याने वाचून मोजा. मिनिटात साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे चार पानं घेऊन व्यासपीठावर चढताना काय होणार, हे तुम्हाला आधीच माहीत असतं. तरीही तुम्ही चढता. आजी बोलायला उभी राहिली की माइक तिच्या हातात द्या, दोन पावलं मागे सरा आणि ती खाली बसेपर्यंत तोंड उघडू नका.