श्रावणातला केळीभाव: एका प्रतिक्रियेला उत्तर

“सर, लेखात म्हणता की श्रावणात उपवासामुळे केळीची मागणी वाढते आणि भाव चढतो. आमच्या रावेरकडे यंदा श्रावणात भाव पडला. पावती आहे माझ्याकडे. मागणी वाढली की भाव वाढतो हा नियमच खोटा. आकडेही सगळे गोल-गोल, आकृतीत क्विंटल का किलो तेही नाही. पुस्तकी पंडितांनी आधी बागेत पाय ठेवावा.”

भाऊ, पावतीबद्दल वाद नाही, पण शेवटचं वाक्य टाळता आलं असतं. मी बागायतदाराच्याच घरातला आहे आणि वाणिज्यच्या पहिल्या वर्षाला हाच धडा शिकवत आलोय. ‘पंडित’ म्हणून हिणवलं की मुद्दा वजनदार होतो असं काही नाही. अक्षांवर एकक हवं होतं, हे मात्र कबूल. उभ्या अक्षावर रुपये प्रति क्विंटल, आडव्यावर रोजचे क्विंटल. आकडे गोल आहेत ते गणित तोंडी व्हावं म्हणून, ते तसेच राहतील.

आता तुमच्या त्या ‘नियमच खोटा’वर येतो. लेखात फक्त मागणीचा वक्र, म्हणजे कोणत्या भावाला किती माल मागितला जातो ते दाखवणारी रेषा, सरकवला होता आणि पुरवठा जागेवर धरला होता. तुमच्या श्रावणात दोन्ही सरकले. तेवढंच करून बघू.

आधीची स्थिती अशी:

मागणी = ५००० − २ × भाव
पुरवठा = १००० + २ × भाव

दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या की भाव १००० रुपये आणि माल ३००० क्विंटल येतो. हा समतोल. आता उपवासामुळे, भाव कोणताही असो, गिऱ्हाईक ४०० क्विंटल जास्त मागतं. मागणी झाली ५४०० − २ × भाव. पुरवठा तसाच असेल तर भाव ११०० आणि माल ३२००. लेखात होतं ते एवढंच.

पण त्याच पंधरवड्यात कापणीला आलेल्या बागा वाढल्या आणि प्रत्येक भावाला १००० क्विंटल जास्त माल येऊ लागला, असं धरा. पुरवठा झाला २००० + २ × भाव. जुन्या १००० च्या भावाला आता गिऱ्हाईक ३४०० मागतंय आणि माल आलाय ४०००. म्हणजे ६०० क्विंटल उरतात. व्यापारी भाव पाडतो. भाव उतरला की घेणारे थोडे वाढतात, कापणारे थोडे थांबतात, आणि ८५० ला दोघांचा मेळ ३७०० क्विंटलवर बसतो. मागणी वाढूनही भाव दीडशेने पडला. नियम कुठे मोडला, सांगा बरं! पुरवठाही ४०० नेच वाढला असता तर भाव १००० वरच राहिला असता, फक्त माल ३४०० झाला असता.

म्हणून दोन्ही वक्र उजवीकडे सरकले की मालाचं प्रमाण वाढणार हे नक्की. भाव कुठे जाईल ते कोण जास्त सरकलं यावर ठरतं.

इथे नवख्यांची एक गफलत होते. ‘भाव पडला म्हणून मागणी ३४०० ची ३७०० झाली’ यात मागणीचा वक्र हललेला नाही, आपण त्याच वक्रावर खाली उतरलो. वक्र हलला होता तो उपवासाने. हे दोन्ही एकात घातलं की भाव पडला म्हणून मागणी वाढली, मागणी वाढली म्हणून भाव चढला, असं चक्र फिरत राहतं आणि उत्तर कधीच येत नाही.

बागेतली गोष्ट निघालीच आहे तर हेही घ्या. पक्व घड फार दिवस झाडावर थांबवता येत नाही. म्हणजे त्या आठवड्यात पुरवठ्याचा वक्र जवळजवळ उभा असतो. भाव उतरला म्हणून कापणारा थांबलाच नाही, सगळे ४००० क्विंटल विकायचेच, तर ५४०० − २ × भाव = ४०००, म्हणजे भाव ७००. दीडशेची पडझड तीनशेची झाली. तुमचा दर आमच्या आकृतीपेक्षा जोरात आपटला असेल तर कारण बहुधा हेच.

एका पावतीवरून मात्र यातलं काही ठरत नाही. पावतीवर दिसतो तो छेदनबिंदू. वक्र कुठला सरकला ते त्यावर लिहिलेलं नसतं. त्यासाठी बाजारात गेलेला एकूण मालही लागतो, तोही दोन्ही वेळचा आणि एकाच प्रतीचा. भाव खाली आणि माल जास्त असेल तर पुरवठ्याचा सरकाव भारी पडला. भाव खाली आणि मालही कमी असेल तर मागणीच आटली, आणि मग श्रावणाचा माझा दाखला तुमच्याकडे यंदा लागू नव्हता असं मी म्हणेन. पहिल्या पावतीची प्रत हलकी आणि दुसरीची भारी, अशी तुलना असेल तर ती मुळातच धरू नका.

तेव्हा आषाढ आणि श्रावण, दोन्ही महिन्यांतली आवक आणि भाव टाका. पुढचं बोलणं त्यावर करू.