पीके, केईके, डीबी, डीबीएक्स: बूट होताना नक्की काय तपासलं जातं

फिरत असलेला दावा: "सिक्युअर बूटमध्ये बूटलोडरची सही आधी डीबीत, मग केईकेत आणि शेवटी पीकेपर्यंत तपासतात. जून 2026 ला मायक्रोसॉफ्टची जुनी केईके एक्स्पायर झाली की साखळी तुटणार, पीसी बूटच होणार नाही. उपाय सोपा आहे, स्वतःची की डीबीत टाका, मग डीबीएक्स तुमचं काही वाकडं करू शकत नाही."

साखळीचं

सिक्युअर बूट म्हणजे ओळखीची सही असलेलीच फाईल सुरू होऊ देणारी व्यवस्था. बूट होताना फर्मवेअर फक्त दोन याद्या उघडतं, परवानगी असलेल्यांची डीबी आणि बंदी घातलेल्यांची डीबीएक्स. विंडोजची `bootmgfw.efi` आली की तिची सही डीबीतल्या `Microsoft Windows Production PCA 2011` किंवा नव्या `Windows UEFI CA 2023` या सर्टिफिकेटपर्यंत पोचते का ते बघतात आणि शोध तिथेच थांबतो. वर केईके कुठली, पीके कोणाची, हे त्या क्षणी कोणी विचारतच नाही. सर्टिफिकेटचा इश्युअर बघा हवं तर, लॅपटॉप कंपनीच्या पीकेचं नाव तिथे सापडणार नाही.

मग केईके आणि पीके या वरच्या दोन किया कशाला? तर याद्यांमध्ये लिहायची परवानगी कोणाला, हे ठरवायला. डीबी किंवा डीबीएक्स बदलायचं तर त्या अपडेटवर केईकेतल्या एखाद्या कीची सही लागते, आणि केईकेची यादी बदलायची तर पीकेची. पीके एकच असते, बहुतेक वेळा मशीन बनवणाऱ्या कंपनीची. 2024 ला पीकेफेल प्रकरण गाजलं ना, बऱ्याच मशीनमध्ये `DO NOT TRUST - AMI Test PK` नावाची टेस्ट की तशीच राहून गेली होती आणि तिची प्रायव्हेट की लीक झाली, तिथेही चोराला थेट बूटलोडरवर पीकेची सही मारून काही मिळालं नसतं, त्याला आधी स्वतःची केईके घुसवायची, तिने डीबीत एंट्री करायची, मग कुठे आपली फाईल चालवायची, असा लांबचा रस्ता होता. (चालला असता मात्र नक्की.)

एक्स्पायरीचं

जून 2026 ची तारीख खरी आहे, `Microsoft Corporation KEK CA 2011` ची. पण केईके बूटच्या वेळी वापरातच नाही, आणि डीबीतल्या सर्टिफिकेटचीही तारीख फर्मवेअर साधारणपणे बघत नाही, कारण मशीनच्या घड्याळावर कोण भरवसा ठेवणार, सीएमओएस सेल गेला की ते दहा वर्षं मागे जातं. म्हणजे काल बूट होणारी मशीन उद्याही होणार.

अडतं ते पुढे. नवे डीबी आणि डीबीएक्स अपडेट `Microsoft Corporation KEK 2K CA 2023` ने साइन होऊन येणार, ती तुमच्या केईके यादीत नसेल तर फर्मवेअर ते अपडेट नाकारणार, आणि ती यादीत घालायला मशीनवाल्या कंपनीने आपल्या पीकेने साइन करून द्यायला हवं. म्हणून मायक्रोसॉफ्टला एकेका कंपनीकडून असे साइन केलेले अपडेट गोळा करावे लागले. कंपनीने तुमचं मॉडेल वाऱ्यावर सोडलं असेल तर मशीन चालेल, फक्त डीबीएक्स जुनाच राहील. लिनक्सवर बघायचं तर:

```
mokutil --kek
mokutil --db
```

डीबीत `Microsoft UEFI CA 2023` नसेल तर फक्त त्याच सहीचा नवा शिम, म्हणजे लिनक्सचा पहिला छोटा बूटलोडर, असलेला इन्स्टॉलर पेनड्राईव्हवरून उठणार नाही. हा त्रास खरा आहे, पण तो डीबीचा, केईकेचा नाही.

"स्वतःची की टाका"

डीबीएक्सचा शब्द नेहमी डीबीच्या वर असतो. 2020 च्या बूटहोल प्रकरणात ग्रब या लिनक्स बूटलोडरच्या बगमुळे जुने शिम आणि ग्रब बाद करायचे होते, पण सगळ्या डिस्ट्रोंचे शिम एकाच `Microsoft Corporation UEFI CA 2011` खाली, सर्टिफिकेटच बाद केलं तर सगळेच गेले असते, म्हणून एकेका फाईलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ठसा, डीबीएक्समध्ये टाकला. त्या फाईलींची सही आजही खरी आहे, डीबीत जुळतेही, तरी चालत नाहीत.

आता तीच फाईल स्वतःच्या कीने परत साइन केली तर? तरीही नाही. हा हॅश काढताना सहीचा भाग वगळतात, सही बदलली तरी हॅश तोच निघतो.

शिवाय डीबीत की टाकणार कशी, मायक्रोसॉफ्टची केईके तुमच्याकडे थोडीच आहे. फर्मवेअरच्या सेटअपमध्ये जाऊन पीके पुसायची, मशीन सेटअप मोडमध्ये जाते, मग केईके, डीबी आणि डीबीएक्स या तिन्ही याद्या सहीशिवाय लिहिता येतात, शेवटी आपली पीके बसवली की परत कुलूप. एवढं केलंत तर हो, डीबीएक्सही तुमच्याच हातात, रिकामा करा नाहीतर भरा.

फक्त दोन गोष्टी सांभाळा. डीबीत मायक्रोसॉफ्टची सर्टिफिकेटं न ठेवता एकटी आपलीच टाकली तर ग्राफिक्स कार्डवरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम, म्हणजे ऑप्शन रॉम, नाकारला जाऊन स्क्रीन काळी राहू शकते. आणि पीके, केईके, डीबी, डीबीएक्स या चारही गोष्टी टीपीएम या सुरक्षा चिपच्या पीसीआर 7 या नोंदीत मोजल्या जातात, त्यामुळे डिस्क एन्क्रिप्ट करणारा बिटलॉकर चालू असेल तर पुढच्या बूटला रिकव्हरी की मागू शकतो, ती आधीच काढून दुसऱ्या मशीनवर ठेवा.