‘थेट एमआरआयच करा’ या मेसेजला एका खांद्याचं उत्तर

“खांदा, कंबर, गुडघा, काहीही दुखलं की डॉक्टर आधी एक्स-रे, मग सोनोग्राफी, मग एमआरआय अशी तीनदा वसुली करतात. एमआरआयमध्ये सगळं दिसतं आणि रेडिएशन नसल्याने तो पूर्ण निर्धोक आहे. एक्स-रे जुनाट, वर शरीरात रेडिएशन भरतो. सोनोग्राफी फक्त पोटासाठी आणि गरोदर बायकांसाठी. सगळा कट प्रॅक्टिसचा खेळ. जागरूक व्हा, थेट एमआरआयचाच आग्रह धरा!”

हा मेसेज मला एका पेशंटने फोनवर उघडून दाखवला, आणि तोही माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून. मी मुंबईत रेडिओलॉजिस्ट आहे, त्यामुळे या तिन्ही मशीनांच्या संगतीतच माझा दिवस जातो. बाई ४६ वर्षांच्या, रोज डोंबिवलीहून दादरला नोकरीसाठी येणाऱ्या. एका रात्री त्यांचा उजवा खांदा असा काही दुखायला लागला की कुशीवर वळता येईना. सकाळी केसांना कंगवा लावता येईना, मग लोकलमधली कडी धरणं तर दूरच. मेसेज घरच्या ग्रुपवर होताच. मुलाने आईला परस्पर एका सेंटरवर नेऊन एमआरआय करून आणला. रिपोर्टात लिहिलं होतं की खांद्याच्या सुप्रास्पिनेटस टेंडनला बरीच सूज आहे, तो अर्धवट फाटल्याची शंका आहे आणि जंतुसंसर्ग नाही ना, हे पाहावं. घरात ऑपरेशनची भाषा सुरू झाली.

ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी फिल्म पाहिल्या, हात सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला आणि चिठ्ठीवर एकच ओळ लिहिली: खांद्याचा एक्स-रे. बाई माझ्याकडे आल्या त्या तावातावानेच. “मॅडम, एमआरआय झाल्यावर एक्स-रे? ही उलटी गंगा नाही का?”

एक्स-रेत दंडाच्या हाडाच्या डोक्याजवळ, हाडाच्या किंचित वर, सुमारे १२ मिलिमीटरचा धूसर पांढरा ठिपका होता. टेंडनमध्ये साठलेलं कॅल्शियम! दुखण्याचं कारण सापडलं होतं.

आता ‘सगळं दिसतं’ याबद्दल. एमआरआयला जो सिग्नल मिळतो तो मुख्यतः शरीरातल्या पाण्याच्या आणि चरबीच्या हायड्रोजनकडून. जिथे मोकळं पाणी किंवा चरबी नाही, तिथे चित्रात काळं. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी घट्ट दोरी. ती निरोगी असताना एमआरआयवर काळीच दिसते. कॅल्शियमचा साठाही काळाच. म्हणजे काळ्या पाटीवर कोळशाने लिहिल्यासारखं. भोवतीची सूज मात्र पाण्याने भरलेली, म्हणून ती लख्ख चमकते. त्यातून हे कॅल्शियम शरीर स्वतःच शोषून घ्यायला लागतं तेव्हा सूज सगळ्यात जास्त असते आणि दुखणंही तेव्हाच टिपेला जातं. बाई नेमक्या त्या दिवसांत एमआरआयच्या बोगद्यात शिरल्या होत्या. एमआरआयच्या काही खास सीक्वेन्सवर कॅल्शियमचा संशय घेता येतो, नाही असं नाही. पण शेजारी एक्स-रे नसेल तर एवढ्या सुजेतून फाटलेला टेंडन किंवा जंतुसंसर्ग असाच अर्थ काढला जाण्याची शक्यता मोठी.

एक्स-रेचं काम साधं आहे. किरण ज्याच्यात अडतात ते पांढरं दिसतं, आणि कॅल्शियममध्ये ते भरपूर अडतात. तंत्र जुनं आहे खरं, रॉन्टगेनने हे किरण शोधले ते १८९५ साली; पण जुनं म्हणून कॅल्शियम दाखवण्यात ते मागे पडलेलं नाही. एक अट मात्र आहे. हात बाहेर वळवून एक आणि आत वळवून एक, अशा किमान दोन फिल्म हव्यात, कारण साठा हाडाच्या आड असला तर एकाच फिल्ममध्ये हमखास हुकतो. घाईत एकच काढून दिलेली फिल्म ‘नॉर्मल’ म्हणून परत आली, की मी ती नॉर्मल धरत नाही. एक्स-रेची मर्यादाही उघड आहे: फाटलेला टेंडन त्यात दिसत नाही. फार तर, जुना मोठा फाटा असेल तर दंडाचं हाड वर सरकतं आणि त्याच्या व वरच्या हाडाच्या मधली फट ७ मिलिमीटरपेक्षा कमी होते, एवढा आडून सुगावा लागतो.

रेडिएशन ‘भरतं’ हा शब्दच चुकीचा आहे. दिवा बंद केल्यावर खोलीत उजेड शिल्लक राहत नाही, तसे एक्स-रे किरणही अंगात राहत नाहीत. प्रमाण विचाराल तर खांद्याच्या एका एक्स-रेत साधारण ०.०१ मिलिसिव्हर्ट. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून माणसाला मिळणारं नैसर्गिक रेडिएशन जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट असतं. म्हणजे हा एक्स-रे म्हणजे नुसतं जगण्याचा दीडेक दिवस. लोकांच्या मनातली भीती बहुधा सीटी स्कॅनची आहे. तिथे हिशेब अनेक मिलिसिव्हर्टचा असतो आणि विचार करावाच लागतो. ती भीती चुकून एक्स-रेच्या पत्त्यावर पोचली आहे. गरोदर असल्याची शक्यता असेल तर मात्र कुठल्याही एक्स-रेआधी सांगायचंच.

एमआरआयच्या ‘निर्धोक’पणाबद्दल मुंबईकरांनी तरी असं बोलू नये. जानेवारी २०१८ मध्ये याच शहरातल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला तरुण मशीनकडे ओढला गेला आणि मरण पावला. नेहमीचं मशीन १.५ टेस्लाचं असतं, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीसेक हजार पट, आणि तपासणी चालू नसतानाही त्याचं चुंबक चालूच असतं. जुन्या पद्धतीचा पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची जुनी क्लिप, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, यांची कागदपत्रं पाहिल्याशिवाय आत सोडत नाहीत. साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षं ग्राइंडिंग केलेला आणि कधीतरी डोळ्यात लोखंडाचा कण गेलेला माणूस आला, तर आम्ही आधी त्याच्या डोळ्यांचा एक्स-रे काढतो. कण असेल तर तो चुंबकाने हलून डोळ्याला इजा करू शकतो. म्हणजे अशा माणसाला एमआरआयच्या दारात सोडायचं की नाही, हे तो ‘जुनाट’ एक्स-रेच ठरवतो.

आणखी एक धोका आहे, ज्यात रक्त सांडत नाही. १९९५ साली खांदा अजिबात न दुखणाऱ्या ९६ माणसांचे एमआरआय काढून प्रसिद्ध केले गेले. ३४ टक्क्यांच्या खांद्यात टेंडनचा लहानमोठा फाटा सापडला. साठीपुढच्यांत तर ५४ टक्क्यांत. ही माणसं मजेत होती! अशा एखाद्याने दुसऱ्याच कारणाने, समजा मानेतून येणाऱ्या कळेसाठी, थेट खांद्याचा एमआरआय केला तर तो फाटा रिपोर्टात येणार आणि उपचार भलत्याच जागी सुरू होणार. म्हणून हात लावून तपासणं आधी, फिल्म नंतर. मधुमेहींमध्ये नेहमी दिसणारा फ्रोझन शोल्डर तर बहुतेक वेळा डॉक्टरांच्या हातालाच कळतो: पेशंटला सोडा, डॉक्टरांनी हात बाहेर वळवायचा प्रयत्न केला तरी तो वळत नाही, आणि एक्स-रे स्वच्छ येतो. तिथे एमआरआयने उपचारात क्वचितच काही बदलतं.

राहिली सोनोग्राफी. पोटासाठी वापरतात तो प्रोब वेगळा, कमी फ्रिक्वेन्सीचा, कारण त्याला खोल जायचं असतं. खांद्यासाठी ७ ते १५ मेगाहर्ट्झचा सपाट प्रोब लागतो. तो फार खोल पोचत नाही, पण काही सेंटिमीटरवरचा टेंडन धाग्याधाग्याने दाखवतो. टेंडन आरपार फाटलाय का, हे सांगण्यात सरावलेल्या हातातली सोनोग्राफी एमआरआयच्या जवळपास बरोबरीची आहे. वर तिच्यात दोन गोष्टी आहेत ज्या एमआरआयकडे नाहीत. पेशंट हात हलवत असताना मी बघू शकते, आणि प्रोब दाबून विचारू शकते, “इथेच का?” हाडाच्या पलीकडे मात्र आवाजाची लहर जात नाही, म्हणून सांध्याच्या आतली कड, लॅब्रम, तिला नीट दिसत नाही. खांदा निखळलेल्या पंचविशीतल्या खेळाडूला म्हणूनच एक्स-रेनंतर एमआरआय लिहितात, मोठ्या फाट्याच्या ऑपरेशनआधी स्नायू किती सुकलाय ते पाहायलाही लिहितात, आणि ते योग्यच आहे. सोनोग्राफीची खरी कमजोरी मशीनमध्ये नाही, करणाऱ्यात आहे. रोज पोटच पाहणाऱ्याने महिन्यातून एकदा खांदा पाहिला तर त्या रिपोर्टावर मीही फार विसंबणार नाही.

बाईंना एक्स-रेनंतर लगेच सोनोग्राफीला घेतलं, तेव्हा त्यांची नजर पुन्हा मोबाइलकडे गेली. मी म्हटलं, “ताई, काय आहे ते एक्स-रेने सांगितलं. ते घट्ट आहे की मऊ, आणि सुई कुठून घालायची, हे त्याला सांगता येत नाही.” प्रोब ठेवल्यावर साठा दिसला. घट्ट खडूसारखा असता तर त्याच्यामागे काळी सावली पडली असती. इथे सावली जवळजवळ नव्हती, म्हणजे आतला माल टूथपेस्टसारखा मऊ. बहुतेकांचा असा साठा गोळ्यांनी आणि वेळाने आपोआप विरतो, पण यांना तीन आठवडे झोप नव्हती. ऑर्थोपेडिक डॉक्टरांशी बोलून जागा बधिर केली, पडद्यावर बघत सुई साठ्यात घातली आणि सलाइन आतबाहेर करत राहिले. चौथ्या-पाचव्या खेपेला सिरिंजमधलं पाणी ताकासारखं झालं आणि तळाशी पांढरा गाळ बसला. शेवटी शेजारच्या पिशवीत, म्हणजे बर्सामध्ये, स्टेरॉइड सोडलं. पहिल्या एकदोन रात्री दुखणं वाढू शकतं हे आधीच सांगितलं होतं, आणि ते वाढलंही. तिसऱ्या आठवड्यात कंगवा केसांपर्यंत पोचला.

कट प्रॅक्टिस नाही असं मी म्हणणार नाही. राज्य सरकारला २०१७ साली तिच्याविरुद्ध कायद्याचा मसुदा करावासा वाटला, तो उगाच नव्हे. पण मेसेजचा हिशेबच उलटा आहे. कमिशन बिलाच्या प्रमाणात मिळतं. एक्स-रे काही शेकड्यांत होतो, एमआरआयला काही हजार लागतात. ज्याला कटच खायचा आहे, तो तुम्हाला एक्स-रेला कशाला थांबवेल? तुमच्या आधी तोच थेट एमआरआयचा आग्रह धरेल. संशय आला तर डॉक्टरांना एवढंच विचारा, “यात काय आलं तर माझा उपचार बदलेल?” ज्याने विचार करून तपासणी लिहिली आहे त्याला याचं उत्तर एका वाक्यात देता येतं.

बाई गेल्यावर मी त्यांचा जुना एमआरआय पुन्हा पडद्यावर लावला, या वेळी एक्स-रे शेजारी ठेवून. सुजेच्या मधोमध कॅल्शियमचा काळा गोळा होताच. रिपोर्ट लिहिणारा ओळखीचा निघाला, म्हणून फोन केला. तो ऐकून क्षणभर गप्प बसला, मग म्हणाला, “अगं, सोबत एक्स-रे पाठवला असता तर दोन मिनिटांत लिहिलं असतं.”