इसॉपवर दुहेरी कर? आधी खरेदी किंमत तपासा

«‘विक्रीच्या वेळी फक्त वाढीवर कर लागतो’ असं तुम्ही लिहिलंय. मी १,००० शेअर १०० रुपयांनी घेतले, तेव्हा कंपनीने पगारातून कर कापला. आठ महिन्यांनी ५६० ला विकले, तर ब्रोकरने ४,६०,००० नफा दाखवला. म्हणजे त्याच पैशावर दुसऱ्यांदा कर! लोकांची दिशाभूल करू नका.»

तुमचा संताप समजतो, पण रिटर्न भरण्याआधी थांबा. ब्रोकरचा आकडा जसाच्या तसा उचललात तरच दुहेरी कर बसेल.

इसॉप म्हणजे कंपनीने कर्मचाऱ्याला ठरलेल्या किमतीत शेअर घेण्याचा दिलेला हक्क. कंपनी लिस्टेड आहे असं धरतो. तुम्ही एक्सरसाइज केलं, म्हणजे तो हक्क वापरून शेअर घेतले, त्या दिवशी शेअर ४९० ला उघडून ५१० ला बंद झाला असेल, तर दोन्हींची सरासरी ५०० हा बाजारभाव धरतात. तुम्ही दिले १००. उरलेले ४०० रुपये दर शेअरमागे, म्हणजे एकूण ४,००,००० रुपये, ही तुमची परक्विझिट, म्हणजे पगाराचाच भाग मानला जाणारा लाभ. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससह त्यावर १,२४,८०० रुपये कर होतो. हाच कर कंपनीने टीडीएस म्हणून कापला.

आता विक्री. ज्या ५०० रुपयांवर परक्विझिट मोजली, तीच कायद्याने तुमची खरेदी किंमत. त्यामुळे नफा शेअरमागे ६० रुपये, एकूण ६०,०००. शेअर खात्यात आल्यापासून बारा महिने झालेले नाहीत, म्हणून अल्पकालीन नफ्याचा २० टक्के दर, सेससह १२,४८०. ब्रोकरला तुमची परक्विझिट माहीत नसते, म्हणून त्याने १०० हीच खरेदी धरली. त्या हिशोबाने कर ९५,६८० होतो. म्हणजे ८३,२०० रुपये तुम्ही विनाकारण भराल. फॉर्म १६ सोबत कंपनीकडून मिळणाऱ्या १२बीए फॉर्ममध्ये परक्विझिटची रक्कम असते. तिच्यात तुम्ही भरलेली रक्कम मिळवा, ती बेरीज खरेदी म्हणून दाखवा आणि एक्सरसाइजचं पत्र जपून ठेवा. विचारणा झाली तर तोच पुरावा.

मात्र एका बाबतीत तुमचं दुखणं खरं आहे, आणि तिथे मी तुमच्या बाजूने आहे. समजा भाव ५०० वरून ३०० ला घसरला असता. पगारावरचे १,२४,८०० तरीही परत मिळत नाहीत. दोन लाखांचा भांडवली तोटा पगारातून वजा होत नाही. तो दुसऱ्या भांडवली नफ्यातूनच वळता करावा लागतो. रिटर्न मुदतीत भरलं तर आठ वर्षं पुढे नेता येतो, पण दुसरी गुंतवणूकच नसेल तर त्याचा उपयोग काय? हातात पैसा येण्याआधीच कर घेणं पगारदारावर अन्याय करणारं आहे, असं मला ठामपणे वाटतं. ठरावीक पात्र स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना हा कर पुढे ढकलता येतो, बाकीच्यांना नाही. म्हणून बाजारात विकता येणारे शेअर असतील, तर ते खात्यात येताच करापुरते विकून टाका, असं मी सुचवतो.

तुमच्या १२बीएमधला परक्विझिटचा आकडा आणि एक्सरसाइजची तारीख इथे लिहा, खरेदी किंमत पुन्हा मांडून देतो.