तक्रारपत्रात राग कुठे लिहायचा?

प्रतिक्रिया : "सर, दहावीच्या इंग्रजी पेपरसाठी तुम्ही हॉटेल मॅनेजरला लिहिलेलं नमुना पत्र वाचलं. तक्रार कमी आणि पंचनामाच जास्त वाटतो. खोली नंबर, बिल नंबर, रुपये हे सगळं पोरांनी पेपरात कुठून आणायचं? आणि एवढी फसवणूक झाल्यावर पत्रात थोडा राग नको का? माझ्या मुलीच्या क्लासमध्ये भारी शब्दांचं पत्र दिलंय, ती तेच पाठ करतेय." – एक आई, भुसावळ

नमस्कार ताई,

हे पत्र ज्याच्या हातात पडणार, तो मॅनेजर त्या रात्री काउंटरवर नव्हता. पत्र वाचून तो आधी रजिस्टर उघडणार. त्यात त्याला शोधता येईल असं काही पत्रात नसेल, तर कितीही रागावून लिहिलं तरी तो काही करू शकत नाही. म्हणून खोली नंबर आणि तारखा हव्यात.

नमुन्यातलं प्रकरण पुन्हा बघा. अमळनेरचं कुटुंब अजिंठा बघायला जळगावात उतरलं. १४ मेच्या संध्याकाळी आले, १६ तारखेला सकाळी निघाले. एसी खोलीचे रात्रीला २४०० रुपये ठरले होते. एसी दोन्ही रात्री बंद. काउंटरवर दोनदा सांगितलं, माणूस आलाच नाही, आणि निघताना बिल मात्र पूर्ण एसीचं. त्याच हॉटेलात साध्या खोलीचा दर १५०० आहे. म्हणजे रात्रीला ९०० जास्त घेतले, दोन रात्रींचे १८००. पत्रातली मागणी याच १८०० रुपयांची आहे. क्लासच्या पत्रांच्या शेवटी बहुतेक 'काइंडली डू द नीडफुल' असतं. त्यातून नेमकं काय करायचं ते मॅनेजरला कळत नाही. 'आय रिक्वेस्ट यू टू रिफंड १८०० रुपीज विदिन फिफ्टीन डेज' असं लिहिलं की त्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं.

रागाचं म्हणाल तर तो पत्रात आहे, पण घटनेच्या रूपात. 'माय ग्रँडमदर, हू इज सेव्हन्टी-टू, कुड नॉट स्लीप ऑन आयदर नाइट' हे वाक्य मी मुद्दाम घातलंय. मे महिन्यात जळगावात बंद खोलीत रात्र काढणं म्हणजे काय, ते त्या मॅनेजरला समजावून सांगावं लागत नाही. त्याऐवजी 'युअर हॉटेल इज द वर्स्ट' लिहिलं, तर ते एका चिडलेल्या माणसाचं मत म्हणून तो बाजूला ठेवतो. ग्राहक आयोगाकडे जायची भाषाही पहिल्या पत्रात नको. कायद्याने त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे, आणि पैसे नाकारले तर तिथे हेच तारखांचं पत्र कामी येतं.

पेपरात ही माहिती कुठून आणायची, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. प्रश्नात दोन-चार मुद्दे देतात, बाकीचे तपशील मुलांनी कल्पनेने भरायचे असतात. ते एकमेकांशी जुळले पाहिजेत, एवढंच. घोळ नेमका इथेच होतो. वर पत्राची तारीख १० मे आणि आत मुक्काम १४ मेचा, असं मुलं लिहून जातात. किंवा घरी परतल्यावर लिहिलेल्या पत्रात 'द एसी इज नॉट वर्किंग' म्हणतात, जणू अजून त्याच खोलीत बसलेत. मुक्काम संपलाय, म्हणून 'डिड नॉट वर्क'. पाठ केलेल्या पत्रात या चुका मुलांच्या लक्षातच येत नाहीत, कारण वाक्यं त्यांची नसतात. सहीला मात्र प्रश्नात दिलेलंच नाव घ्यावं, स्वतःचं खरं नाव किंवा शाळा उत्तरपत्रिकेत लिहू नये.

पाठांतराची मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच कारणासाठी. तुमच्या मुलीने एसीचं पत्र पाठ केलं आणि प्रश्नात आलं की खोलीतून कॅमेरा हरवला, तर? मग नुसते पैसे परत मागून भागत नाही. कॅमेरा कोणता, शेवटचा कधी पाहिला, खोली साफ करायला कोण किती वाजता आलं, हे लिहावं लागतं, आणि मागणी शोध घेऊन लेखी कळवण्याची करावी लागते. तिथे क्लासचे भारी शब्द तसेच उतरवले, तर पत्र प्रश्नापासूनच सुटतं.

तिला आज हेच कॅमेऱ्याचं पत्र लिहायला सांगा. पत्ता, तारीख, 'टू द मॅनेजर', विषय आणि 'यूअर्स फेथफुली' हा साचा तिला येत असेलच. मधले तीन छोटे परिच्छेद तिच्या स्वतःच्या वाक्यांत येऊ द्या, मोडकी असली तरी चालतील. तिचं नाव-गाव काढून इथेच खाली टाका, कुठली वाक्यं ठेवायची आणि कुठली बदलायची ते मी ओळीओळीने सांगतो.